पाच गुणांनी हुकलं, तेही लिहा

«मी सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे. मुलगी झोपली की रात्री साडेदहा ते पावणेबारा अभ्यास, असं पाच महिने करून सीकेए (सर्टिफाइड कुबरनेटीस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर) ही परीक्षा पास झाले. पहिल्या वेळी ६१ टक्के पडले, नापास. पाच आठवड्यांनी पुन्हा दिली, ७९ मिळाले. टीममधले तिघे-चौघे हीच परीक्षा द्यायचं म्हणतायत, म्हणून लिंक्डइनवर काहीतरी लिहावंसं वाटतं. पण असल्या पोस्ट वाचताना मलाच अवघडल्यासारखं होतं. मिरवल्यासारखं न वाटता त्यांच्या उपयोगी पडेल असं कसं लिहू? नापास झाल्याचं सांगू का? माझ्या डायरीत ८४ रात्री नोंदलेल्या आहेत. पहिल्या परीक्षेपर्यंत सतरा आठवड्यांत ६६, त्यातल्या ४० व्हिडिओ बघण्यात गेल्या. नंतरच्या १८ रात्री फक्त हाताने काम केलं. शिवाय त्या शेवटच्या पाच आठवड्यांत सहा सुट्टीच्या सकाळी सलग दोन-दोन तास बसले.»

नापास झाल्याचं सांगाच, आणि तेही पोस्टच्या पहिल्या तीन ओळींत. लिंक्डइनवर लांब पोस्टच्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. त्या जागेत «कळवताना अत्यंत आनंद होत आहे» असं आलं तर तुमचे तिघे-चौघे अभिनंदन लिहून पुढे जातील. तिथे «पहिल्या वेळी ६१, पास व्हायला लागतात ६६» असं आलं तर ते थांबतील, कारण हा आकडा त्यांच्या मनातल्या भीतीचाच आहे.

पण नुसतं नापास झाल्याचं सांगूनही भागत नाही. «अपयशाने खचले नाही» एवढंच लिहिलं तर तोही मिरवण्याचाच एक प्रकार होतो. वाचणाऱ्याला हवं असतं ते कारण, आणि ते तुमच्या डायरीत पडलेलं आहे. तुम्हाला दिसलं नसावं, म्हणून आपण हिशेब करू.

एक रात्र म्हणजे सव्वा तास. चाळीस रात्री व्हिडिओ, म्हणजे पन्नास तास. पहिल्या सतरा आठवड्यांत व्हिडिओ सोडून टर्मिनलवर हात चालले त्या रात्री २६, म्हणजे साडेबत्तीस तास. शेवटच्या पाच आठवड्यांत १८ रात्रींचे साडेबावीस तास आणि सहा सकाळींचे बारा, मिळून साडेचौतीस. चार महिन्यांत जेवढं काम हाताखालून गेलं, त्याहून थोडं जास्तच शेवटच्या पाच आठवड्यांत गेलं. तुमच्या पोस्टचा गाभा हाच आहे. ६१ आणि ७९ यांच्यामध्ये दिवसागणिक वाढलेल्या कष्टांपेक्षा अभ्यासाची बदललेली पद्धत जास्त दिसते, आणि पद्धत ही गोष्ट दुसऱ्याला देता येते.

दुसरी गोष्ट त्या सहा सकाळींची. सीकेएमध्ये पर्याय निवडायचे नसतात. दोन तासांत खऱ्या क्लस्टरवर पंधरा ते वीस कामं करायची असतात, म्हणजे एकेकाला सरासरी सहा ते आठ मिनिटं. सव्वा तासाच्या तुकड्यात शिकलेलं माणूस त्या सव्वा तासापुरतं तयार असतं. त्यानंतरच्या पाऊण तासात बोटं चुकायला लागतात, एखाद्या कामात अडकलं तर «एवढं झालंय तर पूर्णच करू» असा हट्ट सुरू होतो आणि वीस मिनिटं जातात. तुम्ही पहिल्या परीक्षेआधी एकदाही सलग दोन तास बसला नव्हता. रात्री अभ्यास करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं असंच होतं, कारण रात्र तेवढीच मिळते. पोस्टमध्ये हे एका वाक्यात सांगा. दिवसभर मोकळा असणाऱ्याला ते लागू नाही, पण तुमच्या सहकाऱ्यांना नक्कीच आहे.

याच धाग्यावर सरावाच्या सिम्युलेटरबद्दल लिहिता येईल. परीक्षेच्या नोंदणीबरोबर `killer.sh` वरची दोन सत्रं मिळतात आणि एकेक सत्र सुरू केल्यापासून ३६ तास चालतं. रात्री अभ्यास करणारा माणूस गुरुवारी साडेदहाला सत्र सुरू करतो, शुक्रवार नोकरीत जातो आणि शनिवारी सकाळी साडेदहाला सत्र संपतं. हाती येतात दोन थकलेल्या रात्री. तेच शुक्रवारी रात्री सुरू केलं तर शनिवारचा अख्खा दिवस मिळतो. शिवाय ते सत्र खऱ्या परीक्षेपेक्षा मुद्दाम अवघड ठेवलेलं असतं. तिथे निम्मी कामं सुटली म्हणून परीक्षेची तारीख पुढे ढकलणारे बरेच असतात. तुमच्या पोस्टमुळे त्यातला एक जरी थांबला तरी चांगलंच.

आता नम्रतेकडे येऊ. नम्र दिसण्यासाठी शब्द शोधायची गरज नाही. आकडा पूर्ण सांगितला की नम्रता आपोआप येते. «शंभर-सव्वाशे तासांत पास झाले» हे खरं असूनही अर्धंच आहे. तुम्ही सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहात. `systemctl`, `journalctl`, फाइलींच्या परवानग्या, एसएसएच हे सगळं तुमच्या हातात आधीपासून होतं. लिनक्स नव्याने शिकणारा तुमचा आकडा वाचून आपलं वेळापत्रक आखेल आणि दोन महिन्यांनी स्वतःलाच मंद समजेल. म्हणून तासांच्या शेजारी «लिनक्सवर आधीपासून काम करते» हे हवंच. याच कारणासाठी «मला जमलं, तर कुणालाही जमेल» हे वाक्य टाळा. ते धीर देण्यासाठी लिहिलं जातं, पण ज्याला जमलं नाही त्याच्यावरच दोष टाकून मोकळं होतं.

हुकलेल्या रात्रीही मोजा. बावीस आठवड्यांत आठवड्याला पाच रात्री धरल्या असत्या तर ११० झाल्या असत्या, तुमच्या ८४ झाल्या. २६ रात्री गेल्या. त्या का गेल्या हे लिहायची गरज नाही, मुलगी आजारी असेल किंवा तुम्ही नुसत्या झोपला असाल. पण चारातली एक रात्र हुकूनही माणूस पास होतो, हे ज्याची काल रात्र हुकली त्याला कळायला हवं.

आभार मानायचे असतील तर कशाबद्दल ते लिहा. «माझ्या कुटुंबाच्या पाठिंब्याशिवाय» यापेक्षा «साडेदहानंतर मुलगी उठली तर घरातलं दुसरं कुणीतरी उठायचं» हे जास्त खरं आहे, आणि दुसऱ्यालाही कळतं की अशी व्यवस्था आधी ठरवावी लागते. सहकाऱ्याचं नाव घालणार असाल तर आधी विचारा. ऑफिसच्या क्लस्टरची रचना, यंत्रांची नावं, तिथे झालेले घोटाळे यांतलं काहीही पोस्टमध्ये येऊ देऊ नका.

मग सीमा. या परीक्षेला बसताना गोपनीयतेचा करार मान्य करावा लागतो आणि परीक्षेतली कामं उघड केली तर प्रमाणपत्र काढून घेतलं जाऊ शकतं. लोक मुद्दाम मोडत नाहीत, ओघात मोडतात: «मला अमुक एक आलं होतं, ते नीट करून जा.» एवढ्यानेही करार मोडतो. माझी कसोटी सोपी आहे. जे वाक्य परीक्षा न देता, फक्त जाहीर अभ्यासक्रम आणि उमेदवारांसाठीच्या सूचना वाचून लिहिता आलं असतं, ते चालतं. विभागांचे भार जाहीर आहेत: बिघाड शोधणं ३० टक्के, क्लस्टरची रचना आणि उभारणी २५, सर्व्हिस आणि नेटवर्किंग २०, वर्कलोड आणि शेड्युलिंग १५, स्टोरेज १०. प्रत्येक काम नेमून दिलेल्या यंत्रावर एसएसएचने जाऊन करायचं आणि झालं की मूळ यंत्रावर परत यायचं, हेही सूचनांमध्ये छापलेलं आहे. चुकीच्या यंत्रावर बरोबर केलेल्या कामाला गुण नाहीत. म्हणून घरी सराव करतानाही कामाच्या शेवटी `exit` टाइप करायची सवय लावा, असा सल्ला तुम्ही निर्धास्त देऊ शकता.

अभ्यासक्रमाची तारीख मात्र विसरू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो बदलला. हेल्म, कस्टमाइज, गेटवे एपीआय आले आणि त्याआधीच्या पोस्टमध्ये ज्या ईटीसीडी बॅकअपवर सगळे जोर द्यायचे त्याचा ठळक उल्लेख राहिला नाही. तरीही जुन्या पोस्ट फिरतात आणि लोक त्यावरून अभ्यास करतात. परीक्षा कोणत्या महिन्यात दिली हे तुमच्या पोस्टमध्ये असलं, तर वर्षभराने वाचणारा निदान सावध होईल.

आता तुमच्या सहकाऱ्यांना एक तरी गोष्ट अशी द्या, जी ते आज रात्रीच करून बघतील. पाच सल्ले देऊ नका, एकच द्या आणि तो नीट द्या. बिघाड शोधण्याला ३० टक्के भार आहे आणि व्हिडिओ बघून नेमकं तेच शिकता येत नाही, कारण व्हिडिओत बिघाड कुठे आहे ते शिकवणाऱ्याला आधीच माहीत असतं. म्हणून सल्ला असा: सरावाचा क्लस्टर स्वतःच बिघडवा. वर्कर नोडवर जाऊन `sudo systemctl stop kubelet` करा. मिनिटभरात तो नोड `NotReady` दिसू लागतो. आता अनोळखी माणसासारखं शोधत जा:

```
kubectl get nodes
kubectl describe node node01
ssh node01
sudo systemctl status kubelet
sudo journalctl -u kubelet --no-pager | tail -40
```

दुसऱ्या कमांडमध्ये `Kubelet stopped posting node status` अशी ओळ सापडते. नवखे इथेच चुकतात. ते `kubectl logs` ने क्युबलेटचे लॉग शोधत बसतात आणि काही मिळत नाही, कारण क्युबलेट हा पॉड नाही, नोडवर चालणारी साधी सर्व्हिस आहे. त्याचे लॉग त्या यंत्रावर जाऊनच वाचावे लागतात. इथे ती नुसती थांबवलेली आहे, म्हणून `sudo systemctl start kubelet` ने काम होतं. दुसऱ्या रात्री `/var/lib/kubelet/config.yaml` ची प्रत बाजूला ठेवून मूळ फाइलीत एखादी ओळ बिघडवा आणि क्युबलेट पुन्हा सुरू करा. आता सर्व्हिस सुरू होते, पडते, परत सुरू होते, आणि कारण `journalctl` मध्येच सापडतं. तिसऱ्या रात्री कंट्रोल प्लेनच्या नोडवर `/etc/kubernetes/manifests` मधल्या एपीआय सर्व्हरच्या फाइलीत चूक करा. मग `kubectl` स्वतःच उत्तर देईनासं होतं आणि `crictl ps -a` कशासाठी असतं ते कळतं. सव्वा तासाच्या रात्रीत असे दोन बिघाड आरामात होतात. पोस्टमध्ये यातला पहिला बिघाड पुरे, बाकीचे विचारणाऱ्याला सांगा.

थकव्याबद्दल एक पोटसल्लाही देता येईल, पण तो ऐच्छिक. डोळे मिटत असलेल्या रात्री लोक व्हिडिओ लावतात, कारण तो आपोआप चालतो. तुमच्या चाळीसपैकी बऱ्याच रात्री तशाच असाव्यात. त्या रात्री व्हिडिओपेक्षा परवा सोडवलेला बिघाड परत सोडवलेला बरा. डोकं कमी लागतं आणि बोटांना वळण पडतं.

मसुदा असा होऊ शकेल. शब्द तुमचे घाला, आकडे मात्र असेच ठेवा:

«सीकेए परीक्षेत पहिल्या वेळी ६१ टक्के पडले. पास व्हायला ६६ लागतात. पाच आठवड्यांनी, अमुक वर्षी अमुक महिन्यात, पुन्हा दिली आणि ७९ टक्क्यांनी पास झाले. मधल्या पाच आठवड्यांत काय बदललं ते लिहितेय, कारण आपल्यातले काही जण हीच तयारी करतायत.

लिनक्सवर आधीपासून काम करते, त्यामुळे माझे तास तुमच्याशी जुळतीलच असं नाही. बावीस आठवड्यांत ८४ रात्री, रोज सव्वा तास. आठवड्याला पाच धरल्या तर ११० व्हायला हव्या होत्या. पहिल्या सतरा आठवड्यांत पन्नास तास व्हिडिओ पाहिले आणि साडेबत्तीस तास टर्मिनलवर काम केलं. शेवटच्या पाच आठवड्यांत व्हिडिओ बंद, साडेचौतीस तास फक्त टर्मिनल. त्यात सहा सकाळी सलग दोन तास बसले. पहिल्या परीक्षेआधी असं एकदाही बसले नव्हते आणि हुकलं ते त्यामुळेही, असं मला वाटतं.

एक सराव सांगते. वर्कर नोडवर क्युबलेट थांबवा आणि मग काही माहीत नसल्यासारखं शोधा. क्युबलेटचे लॉग kubectl मध्ये मिळत नाहीत, नोडवर जाऊन journalctl ने वाचावे लागतात. हे मला माहीत होतं, पण घड्याळ चालू असताना आठवायला सराव लागला.

सिम्युलेटरचं सत्र ३६ तासांचं असतं. सुट्टीच्या आदल्या रात्री सुरू करा.

या प्रमाणपत्राने मी प्रॉडक्शन क्लस्टर चालवण्यात तरबेज झाले असं नाही. बिघाड झाला तर कुठून सुरुवात करायची हे कळतं, एवढं नक्की. साडेदहानंतर मुलीकडे बघणाऱ्या घरातल्यांमुळे ८४ रात्री मिळाल्या.

परीक्षेत काय आलं ते सांगता येणार नाही, अभ्यासाबद्दल काहीही विचारा.»

७९ हा आकडा ठेवायचा की नाही, यावर दुमत होऊ शकतं. प्रमाणपत्र सगळ्यांचं सारखंच असतं आणि एरवी मी गुण गाळायला सांगितलं असतं. इथे ६१ आहे म्हणून ७९ चालतो. ६१ काढून टाकणार असाल तर ७९ पण काढा.

फोटोऐवजी क्रेडलीवरच्या बॅजची लिंक द्या. प्रमाणपत्राच्या पीडीएफवर नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक दोन्ही असतात. त्यांनी पडताळणी करता येते, पण तो क्रमांक सगळ्यांसमोर टांगायचं कारण नाही. लिंक उघडली की नाव, दिल्याची तारीख आणि मुदत तिथेच दिसते. परीक्षेच्या पडद्याचं चित्र तर अजिबात नको. प्रोफाइलमध्ये प्रमाणपत्रांच्या विभागात वेगळी नोंद करा आणि तिथे मुदतीची तारीखही भरा. सीकेए दोन वर्षं टिकतं. बरेच जण तो रकाना रिकामा ठेवतात आणि मुदत संपल्यावरही प्रमाणपत्र चालू असल्यासारखं दिसत राहतं.

पोस्ट टाकल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत खासगीत निरोप येतील आणि त्यातल्या एकात तरी «प्रश्न पाठवतेस का» असं असेल. विचारणारा ओळखीचा असतो, म्हणून नाही म्हणणं जड जातं. त्याला «करारामुळे नाही पाठवता येत, पण शनिवारी तासभर बस, मी क्लस्टर बिघडवते, तू दुरुस्त कर» असं लिहा. बिघडवताना काय केलंत ते कागदावर टिपून ठेवा, नाहीतर तासाभराने दोघांनाही सापडणार नाही.